पापनाशमचा ‘ब’

आमचे मॅनेजर एकच पान वाचत. दुसरं पान असलं तर ते उलटून पाहत, कोरं आहे याची खात्री करत आणि कोरं नसलं तर पहिलंही परत करत. हा त्यांचा नियम होता आणि नियमाचा त्यांना फार अभिमान होता. लोक गंगेत बुडी मारून आल्याचं सांगतात तसं ते सांगत, “मी चाळीस वर्षं एकच पान वाचलों.”

कॉफी पावडर विकणारी आमची कंपनी. मालक तिरुचीला, आणि तंजावूरच्या ऑफिसाकडे आजूबाजूच्या गावांतल्या पाच शाखा. तंजावूर, कुंभकोणम, मन्नारगुडी, पट्टुकोट्टै आणि पापनाशम. भाजणं-दळणं तंजावूरला, विकणं शाखांमध्ये. मी त्या ऑफिसात एकोणीस वर्षं होते. पगार मिळायचा, बोनस मिळायचा, आणि कपड्यांना, केसांना, वहीच्या पानांनाही कॉफीचा वास फुकट मिळायचा.

एका पानाचं हे वेड मॅनेजरांनी कुठून आणलं ते मला ठाऊक होतं, कारण मी ते लहानपणी पाहिलं होतं. माझे वडील त्याच कंपनीत हेडक्लार्क होते. पन्नासच्या आणि साठच्या दशकात दर सोमवारी प्रत्येक शाखेकडून एक पोस्टकार्ड यायचं. त्यावर गेल्या आठवड्यात किती पौंड, आणि पुढे किती किलो, कॉफी विकली एवढंच लिहिलेलं. म्हातारे मालक ती कार्डं टेबलावर पत्त्यांसारखी मांडत, एक नजर टाकत, आणि ज्या कार्डावरचा आकडा आवडला नाही त्या गावाला उलट कार्ड टाकत. आमचे मॅनेजर तेव्हा नुकते लागलेले कारकून होते. मालकांकडून धंदा शिकले असं ते म्हणत. वडील घरी म्हणत, “धंदा नाहीं शिकला. कार्ड मांडायला शिकला.”

वडील गेले, म्हातारे मालक गेले, पोस्टकार्डं गेली. कारकून मॅनेजर झाले आणि हेडक्लार्कची मुलगी त्यांच्या हाताखाली आली. ऑफिसात मी त्यांना ‘सार’ म्हणायची. लग्नमुंजीत ते माझ्या आत्याच्या सासरचे निघत, म्हणून तिथे ‘काका’. ते मला दोन्हीकडे ‘तू’च म्हणत. तंजावूरच्या आम्हां मराठी लोकांचं असंच आहे. मूठभर घरं, त्यामुळे साहेब म्हणून ज्याला शिव्या द्याव्यात तो संध्याकाळी नात्यातला निघतो.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी तिरुचीहून एक कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी वेगळी खोली, खोलीला पडदा, आणि पडद्याबाहेर चपला काढायच्या अशी पाटी. आठवडाभर त्याला हळदकुंकू लागलं, काम कुणी लावलं नाही. मग मला तीन दिवसांच्या शिकवणीला पाठवलं आणि परत आल्यावर मॅनेजर म्हणाले, “आतां ते स्प्रेडशीट का काय त्यांत मला दर सोमवारीं विक्री पाहिजे. कार्डावर होती तशी. एक पान.”

मी पहिल्या सोमवारी अकरा पानं नेली. मला वाटलं, यंत्र एवढं महाग, तर पानं तरी जास्त निघू देत. शाखावार, वारवार, बियांच्या जातींत प्लँटेशन वेगळी, पीबेरी वेगळी, चिकोरी किती टक्के तेही. त्यांनी गठ्ठा हातात घेतला, वजन केल्यासारखा वरखाली केला आणि म्हणाले, “हे काय गे? पुस्तक अणलीस?”

दुसऱ्या सोमवारी मी अक्कल लढवली. छपाईच्या खिडकीत ‘एका पानात बसवा’ अशी सोय असते. ती दाबली. अकरा पानांचं खरोखरच एक पान झालं, आणि त्यावर मुंग्यांची रांग उमटली. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि पान उलट करून माझ्याकडे सरकवलं. म्हणाले, “पान एक आहे, सरी, बरोबर. पण वाचणार कोण, तुझा अप्पा?”

तिसऱ्या वेळी मात्र मला राग आला आणि रागात माणूस कधीकधी शहाणा प्रश्न विचारतो. मी म्हटलं, “सार, हे पान वाचून तुम्ही करणार काय, तेवढं सांगा. मग मी त्यांत काय ठेवायचं ते ठरवतें.”

त्यांनी विचार केला. प्रामाणिक माणूस, खोटं बोलले नाहीत. म्हणाले, “कुणावर ओरडायचं ते कळलं पाहिजे.”

आता हसावं की रडावं, पण त्या एका वाक्यावर माझं पान उभं राहिलं हे खरं. ओरडायला पाच शाखांचे पाच आकडे पुरतात. मी दोन शीटं केली. एक माझं, जे ते कधी पाहणार नव्हते. त्यात शाखांकडून येणाऱ्या रोजच्या विक्रीच्या चिठ्ठ्या एकाखाली एक भरायच्या. तारीख, शाखा, चिठ्ठी किरकोळ विक्रीची की हॉटेल-लग्नाच्या ऑर्डरची, किती किलो. एका चिठ्ठीला एक ओळ, मध्ये रिकामी ओळ नाही, बेरजा नाहीत. शेजारच्या रकान्यात तारखेवरून तो आठवडा ज्या शनिवारी संपतो ती तारीख आपोआप येई, आणि त्याच्या पुढच्या रकान्यात शाखेचं नाव आणि ती तारीख जोडून एक लांबलचक शब्द तयार होई. दुसरं शीट साहेबांचं. त्यात वरती आठवड्याची तारीख एकाच घरात टाकायची. ती बदलली की खालच्या पाच ओळी हलत. प्रत्येक ओळीतलं सूत्र माझ्या शीटवर जाई, त्या शाखेचा आणि त्या आठवड्याचा तो जोडशब्द शोधी आणि जिथे जिथे सापडेल तिथले किलो गोळा करून आणी. हा आठवडा, गेला आठवडा, आधीच्या चार आठवड्यांची सरासरी. सरासरी अशासाठी की एका लग्नाने आठवडा फुगतो आणि एका बंदने बसतो, त्यावर ओरडणं म्हणजे ढगावर ओरडणं. सरासरीपेक्षा दहावा हिस्सा खाली गेलं की घर लाल होईल असं मी केलं होतं, पण आमच्या प्रिंटरला काळ्याखेरीज रंग ठाऊक नव्हता, म्हणून शेवटच्या रकान्यात ‘DOWN’ असा शब्दच उमटवला. सगळ्यांत वर, मोठ्या अक्षरांत, पाचांची बेरीज.

साहेबांनी ते पान वाचलं. अर्ध्या मिनिटात वाचलं, दोनदा वाचलं, आणि घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं. मला वाटलं, आपण जिंकलो. पुढच्या सोमवारपासून ओरडणं वेळेवर सुरू झालं. पट्टुकोट्टैला फोन, मन्नारगुडीला फोन. पान हातात, रिसीव्हर कानाशी, आणि आवाज इतका की फोन नसता तरी चाललं असतं.

पापनाशमला मात्र फोन जात नसे. ती शाखा एक बाई चालवायची. माझ्याहून पाचसहा वर्षांनी मोठी, तमिळ, नवरा नाही, भाऊ कामापुरते. स्टेशनच्या रस्त्यावर एका गाळ्यात ती, एक वजनकाटा आणि पावडरीचे डबे. सगळे तिला अक्का म्हणत, मीही. दर आठवड्याला नव्वदच्या आसपास किलो जायचे. चाळीस किरकोळ, पन्नास हॉटेलं आणि कल्याणमंडपं, म्हणजे लग्नाचे हॉल. कधी पंच्याऐंशी, कधी पंच्याण्णव. अशा शाखेचं नाव पानावर असतं आणि नजर त्यावरून घसरून पुढे जाते.

मार्चमध्ये ऑडिटर यायचा होता. मोठ्या ऑर्डरींच्या चिठ्ठ्यांवर शाखेचा शिक्का नाही असं त्याने आदल्या वर्षी लिहून ठेवलं होतं. साहेबांनी शिक्केवाल्याला फोन लावला आणि पाच गावांची नावं तोंडी सांगितली. तमिळमध्ये ‘प’ आणि ‘ब’ला अक्षर एकच आहे. शब्दाच्या सुरुवातीला आलं की प, मध्ये आलं की ब. त्यामुळे लिहिताना पापनाशम, बोलताना सगळा गाव पाबनासम म्हणतो आणि कुणाचं काही अडत नाही. साहेब फोनवर तमिळ बोलत होते, शिक्केवाला तमिळ ऐकत होता, आणि इंग्रजीत शिक्का तयार झाला, PABANASAM.

मी तो पाहिला तेव्हा मला अगदी गुदगुल्या झाल्या. शाळेत संस्कृत घेतल्यामुळे मला देवनागरी येत होती, घरातल्या बाकी कुणाला येत नव्हती, आणि या गोष्टीची मला जी घमेंड होती ती आता लिहायला लाज वाटते. प वेगळा, फ वेगळा, ब वेगळा, भ वेगळा. आमच्याकडे चार अक्षरं, त्यांच्याकडे एकात चौघांचा संसार. मी साहेबांना शिक्का दाखवला. म्हटलं, “सार, तिकडे पुण्यांत ‘ध’चा ‘मा’ झाला म्हणतात, तुम्ही ‘प’चा ‘ब’ केलांत.”

“दोन्ही एकच,” साहेब म्हणाले. “शिक्क्याला पैसे दिलों. चालव.”

मी चालवला. आणि इथे मला स्वतःला सोडता येत नाही. त्या दिवसापासून पापनाशमची जी चिठ्ठी हाताने तमिळमध्ये लिहिलेली असे ती मी ‘प’ने भरायची, आणि ज्या चिठ्ठीवर शिक्का असे ती ‘ब’ने. ऑडिटरचं वाक्य मला पाठ होतं, कागदावर जे आहे ते लिहा. पण खरं कारण ऑडिटर नव्हता. साहेबांचा ब आहे ना, मग असू दे त्यांच्या रेकॉर्डात कायमचा, असं माझ्या मनात होतं. प्रत्येक वेळी तो ब टाइप करताना मी मनातल्या मनात हसायची. पुढे पुढे तर यंत्रच मदत करू लागलं. P, a, b एवढं टाइप केलं की बाकीचं नाव ते आपणहून पुढे धरी. चुकीला एवढा आज्ञाधारक नोकर मी दुसरा पाहिला नाही.

किरकोळ विक्रीच्या चिठ्ठ्यांना शिक्का लागत नसे. हॉटेल आणि लग्नाच्या ऑर्डरींना लागे. म्हणजे चाळीस किलो ‘प’मध्ये आणि पन्नास किलो ‘ब’मध्ये. आणि साहेबांच्या पानावरचं सूत्र फक्त ‘प’ शोधत होतं. मोठी लिपी, लहान लिपी हा फरक त्याला चालतो. अक्षर बदललं की ते ओळख दाखवत नाही. सापडलं नाही तर तक्रारही करत नाही. जेवढं सापडलं तेवढं गोळा करून साळसूदपणे पानावर ठेवतं.

पहिल्याच आठवड्यात पापनाशमच्या ओळीपुढे DOWN उमटलं; तिसऱ्यातही उमटलेलं पाहून मला थोडं नवल वाटलं. चौथ्यातही DOWN. लग्नाचे दिवस असल्यामुळे बाकीच्या चार शाखा चढत होत्या, त्यामुळे वरची मोठी बेरीज जागच्या जागी दिसत होती. मी कुठे पाहायचं होतं? चिठ्ठ्या मीच भरत होते, रोज पाहत होते. पण एकेक चिठ्ठी पाहणाऱ्याला बेरीज दिसत नाही, आणि बेरीज पाहणाऱ्याला चिठ्ठी. मी दोन्ही करत होते आणि दोन्ही वेळा आंधळी होते.

साहेबांनी कारण लगेच शोधून काढलं. आकडा एकदा छापला गेला की त्याला कारण मिळायला वेळ लागत नाही. पापनाशमच्या बाजारात कुंभकोणमच्या कुणीतरी नवीन कॉफीचं दुकान टाकलंय, असं त्यांना बसमधल्या कुणीतरी सांगितलं म्हणे. मग अक्काला फोन गेला. मग पत्र गेलं. पत्र मीच टाइप केलं. आपल्या शाखेची विक्री निम्म्याहून खाली आली असून ती न सुधारल्यास व्यवस्थापनास योग्य तो निर्णय घ्यावा लागेल. ‘योग्य तो निर्णय’ या शब्दांत आजवर एकही योग्य निर्णय झालेला मी पाहिलेला नाही.

अक्काने उत्तर पाठवलं, तमिळमध्ये, चार ओळी. मी पूर्वीसारखंच विकते आहे. तरी अजून प्रयत्न करते. साहेब म्हणाले, “सगळे असंच म्हणतात.” जूनच्या शेवटी त्यांनी ठरवलं की पापनाशमची शाखा बंद करायची, गाळा सोडायचा आणि तिथल्या हॉटेलांना कुंभकोणमहून माल पाठवायचा. अक्काला दुसरीकडे घेणार नव्हते. मी विचारलं, कधी बंद करायची? म्हणाले, “आडींत. आडींत नवं कांहीं सुरू करायचं नाहीं. बंद करायला शास्त्र आड येत नाहीं.” आडी म्हणजे आषाढाच्या आसपासचा तमिळ महिना, लग्नंकार्यं बंद. बावन्न वर्षांच्या बाईला त्या महिन्यात घरी पाठवायला पंचांगाची हरकत नव्हती.

शाखा बंद करायची म्हणजे तिथे किती माल पडून आहे ते काढावं लागतं. त्यासाठी मी गोदामातून जावकाची वही मागवली. दर मंगळवारी पापनाशमला किती पावडर गेली ते त्यात लिहिलेलं. नव्वद. पंच्याऐंशी. नव्वद. आणि शेवटच्या चार आठवड्यांत पंच्याण्णव, पंच्याण्णव, अठ्ठ्याण्णव, एकशे पाच. मी माझं पान शेजारी ठेवलं. तिथे चाळीस, एकोणचाळीस, बेचाळीस.

ज्या दुकानात विक्री निम्मी झाली त्या दुकानाला जास्त माल कशाला लागतो? कॉफीची पावडर काही सोनं नाही साठवून ठेवायला, महिन्यात तिचा वास उडतो. दुकानात माल पडून असता तर अक्काने मागवलाच नसता. आणि चोरला म्हणावं तर तिचा भरणा तिरुचीला जात होता, तिथून कधी बोंब आली नव्हती. तिरुचीवाले पैसे पाहत, किलो पाहत नसत. आम्ही किलो पाहायचो, पैसे पाहत नव्हतो. मी माझ्या शीटवर गेले आणि किलोच्या सबंध रकान्याची बेरीज केली, शाखा बघायचीच नाही, जे आहे ते सगळं. ती बेरीज साहेबांच्या पाच ओळींच्या बेरजेपेक्षा आठवड्याला पन्नासच्या वर जास्त निघाली. पाच शाखांच्या बाहेर कोणीतरी सहावी शाखा कॉफी विकत होती. मी नावांचा रकाना अक्षरांच्या क्रमाने लावला आणि ती सापडली. पापनाशमच्या वरच, पाबनासम. प्रत्येक ओळीत मी हसत हसत टाइप केलेला ब.

चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण मी जन्मभर दुसऱ्यांना लावत आले होते.

दुरुस्ती करायला वीस मिनिटं लागली. सगळे ब प केले. शाखेच्या रकान्यात यापुढे नाव टाइपच करता येणार नाही, पाच नावांच्या यादीतून निवडावं लागेल, दुसरं काही लिहिलं तर यंत्र घेणार नाही, असं केलं. आणि साहेबांच्या पानावर बेरजेच्या खाली एक ओळ घातली: सगळ्या चिठ्ठ्यांची बेरीज वजा पाच शाखांची बेरीज. तिथे शून्य नसलं तर पान हातात घ्यायचंच नाही. ही ओळ पहिल्या दिवशी घालायला दोन मिनिटं लागली असती. तेव्हा मी अकरा पानं छापण्यात गुंग होते.

मग सगळ्यांत खाली शेरा लिहिला. पापनाशमची विक्री कधीच कमी झाली नव्हती; चूक नाव भरण्यात झाली, ती माझी आहे. खाली सही केली. नोकरी जाते की राहते हा हिशोबही मनात केला, ते लपवत नाही.

साहेबांनी पान वाचलं. पापनाशमची ओळ बोटाने धरली. एकशे दोन किलो. सरासरीच्या मानाने पाचांत सगळ्यांत पुढे. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू एक तेज आलं. ते खुर्चीत मागे टेकले.

“पाहिलीस?” म्हणाले. “एक पत्र टाकलों. एकच. म्हातारे मालक असंच करत.”

“सार, खाली शेरा आहे,” मी म्हटलं.

“नंतर.”

“नंतर नाहीं सार, आतांच वाचा. ती विक्री वाढली नाहीं. आधींच तेवढी होती. माझी चूक.”

त्यांनी शेरा वाचला. मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ओरडतील, आणि मला ते हवं होतं. ते म्हणाले, “चाळीस होती ती एकशे दोन झाली. तें तूंच छापलीस. मग चूक कुठली गे? हा शेरा काढ. पान घाण दिसतें. तिरुचीला पाठवायचं आहे.”

मी वाद घातला. माझ्या स्वभावाप्रमाणे चांगलाच घातला. जावकाची वही आणून त्यांच्यासमोर उघडली. त्यांनी वहीकडे पाहिलं नाही, ती एका पानाहून मोठी होती. शाखा बंद करायचं मात्र रद्द झालं, आपणहून. उलट त्यांनी दुसरं पत्र सांगितलं. अभिनंदन, आणि इथून पुढे दर आठवड्याला एकशे पाच किलो हे पापनाशमचं टार्गेट. ते पत्रही मीच टाइप केलं. शेरा नसलेलं पानही मीच छापलं. शाखा वाचली ना, मग कशाला ताणायचं, असं मी मनाला समजावलं. मनाला समजावायला मला फार वेळ लागत नाही.

तरी पत्र पोस्टात टाकवलं नाही. दुसऱ्या दिवशी सुट्टी काढून पापनाशमची बस धरली. सोबत गेल्या बारा आठवड्यांच्या पापनाशमच्या विक्रीचे, आठवड्याला एक असे, उभे खांब एका पानावर काढून घेतले होते, दुरुस्त केलेले. म्हटलं, निदान तिला तरी सगळं सांगायचं.

दुपारची वेळ, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. अक्काने मला स्टूल दिलं, पाणी दिलं. मी सुरुवातीपासून सांगितलं, शिक्का, ब, मी हसले ते, सगळं. ती ऐकत होती. एकदाही “अय्यो” म्हणाली नाही. माझं झाल्यावर म्हणाली, “म्हणजे मी पहिल्यापासून नव्वदच विकत होते.”

“हो, अक्का.”

“मला वाटलं, मलाच मोजता येईनासं झालं.”

मग ती उठली आणि आतल्या खोलीचा पडदा बाजूला केला. फळीवर अर्ध्या-अर्ध्या किलोची पाकिटं रचलेली होती. आमचीच, आमच्याच छापाची. साठ तरी असतील. पत्र आल्यावर तिने चिट फंडाचे पैसे मुदतीआधीच उचलले होते आणि दर आठवड्याला आपणच आपल्याकडून माल विकत घेतला होता. किरकोळीत घेतला असता तर ऑफिसला वाटलं असतं, रोजचीच गिऱ्हाइकं, नवा प्रयत्न काही नाही. म्हणून लग्नाची ऑर्डर म्हणून लिहिला. नसलेल्या लग्नांची. त्या चिठ्ठ्यांवर तिने नीट, सरळ, ठळक शिक्का मारला होता.

म्हणजे ते सगळं ‘ब’त गेलं. ती घाबरून जेवढं घेत गेली, तेवढं माझ्या पानावर उमटलंच नाही. मी पत्रं टाइप करत राहिले आणि ती पाकिटं रचत राहिली. मला तिच्यासमोर उभं राहवेना.

“अक्का, हे परत लिहून घेऊ या,” मी म्हटलं. “मी माल परत आला म्हणून चिठ्ठी करते. पैसे परत मिळवून देते, मी भांडते त्यांच्याशी.”

“परत लिहिलं की किलो कमी होतील ना?”

“होतील.”

“मग पानावर परत खाली दिसेल.”

तिने माझ्या हातातलं पान घेतलं. आयुष्यात तिने असलं चित्र पाहिलं नव्हतं, पण समजून घ्यायला तिला साहेबांपेक्षा कमी वेळ लागला. एकेका खांबावर बोट ठेवत ती डावीकडून उजवीकडे गेली. शेवटच्या चार खांबांवर थांबली. त्यातल्या सगळ्यांत उंच खांबाच्या शेंड्यावर नख टेकवलं आणि वरचा थोडासा भाग झाकला.

“एवढी मी,” ती म्हणाली. “बाकी गाव.”

मग मान वर करून तिने अगदी साधेपणाने विचारलं, “पुढच्या आठवड्यातही एवढंच लागेल का, मॅडम?”

पत्र माझ्या पर्समध्ये होतं. मी ते काढून तिच्या हातात दिलं.